मेणबत्ती विझल्यानंतर

नमस्कार श्रोते हो.

आमच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी पाठवलेल्या व्हिडिओंचं परीक्षण करताना एक प्रयोग मला दरवर्षी भेटतो. ताटात पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, तिच्यावर पालथी घातलेली काचेची बरणी. थोड्या वेळानं मेणबत्ती विझते आणि बरणीत पाणी चढतं. प्रयोग तुम्हीही शाळेत केला असेल. आठवीतल्या एका मुलीनं या प्रयोगाचा पाठवलेला व्हिडिओ आणि नंतर तिनं तो पुन्हा कसा केला, ते आज सांगणार आहे.

पहिला व्हिडिओ साधारण तीन मिनिटांचा होता. आवाज स्वच्छ, उच्चार छान. "साहित्य" म्हणताना एकेक वस्तू हातात घेऊन दाखवली. मग कृती. मग निरीक्षण म्हणून ती म्हणाली, "बरणीतला ऑक्सिजन संपला, म्हणून मेणबत्ती विझली आणि ऑक्सिजनच्या जागी एक पंचमांश पाणी चढलं." आणि अनुमान म्हणून तेच वाक्य थोडं फिरवून पुन्हा.

मी व्हिडिओ मागे नेला. ऑक्सिजन संपताना कुठे दिसतोय? दिसणारच नाही, तो वायू आहे. एक पंचमांश कुठे मोजलंय? बरणीवर पट्टीच नव्हती. म्हणजे निरीक्षणाच्या नावाखाली तिनं पुस्तकात किंवा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं अनुमान सांगितलं होतं. खरं निरीक्षण चित्रात होतं, आणि त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नव्हती. बरणी मेणबत्तीवर खाली आणली त्या क्षणी काठाखालून चार-पाच बुडबुडे बाहेर पडले. ज्योत जळत होती तोवर पाणी जवळपास जागचं हललं नाही. ज्योत विझली, आणि मग पाणी झपाट्यानं वर गेलं.

ऑक्सिजन जळून गेल्यामुळे पाणी चढत असेल, तर ते कधी चढायला हवं? जळणं चालू असताना, हळूहळू. विझल्यानंतर ऑक्सिजन वापरणारं कुणी उरतच नाही. आणि पाणी तर नेमकं तेव्हाच धावतं. व्हिडिओचा मोठा फायदा हाच आहे. समोर प्रयोग चालू असताना सगळ्यांचे डोळे ज्योतीकडे असतात, काठाकडे कुणी बघत नाही. व्हिडिओ मात्र तो क्षण कितीही वेळा दाखवतो.

मी तिला फोन केला, बुडबुड्यांविषयी विचारलं. ती म्हणाली, "सर, ते मी बघितलेच नाहीत." मी म्हटलं, "मग आवाज बंद कर आणि स्वतःचाच व्हिडिओ तीनदा बघ. जे दिसेल तेवढंच वहीत लिही. नंतर एकाच्या जागी तीन मेणबत्त्या लावून बघ."

तीन मेणबत्त्या का? बरणी तीच, म्हणून आतला ऑक्सिजन तेवढाच. पाणी जर ऑक्सिजनच्या जागी चढत असेल, तर मेणबत्त्या एक असो की तीन, ते सारखंच चढायला हवं.

दुसऱ्या खेपेला तिनं तयारी नीट केली. सरळ भिंतीची उंच बरणी घेतली. निमुळत्या पेल्यात उंची आणि आकारमान यांचा मेळ बसत नाही, म्हणून सरळ भिंत हवी. बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा केल्या आणि शून्याची खूण ताटातल्या पाण्याच्या पातळीला ठेवली. पाण्याच्या वर हवेची उंची १५ सेंटिमीटर. पाण्यात चिमूटभर कुंकू कालवलं, पातळी ठळक दिसावी म्हणून. काठाखाली दोन नाणी ठेवली, नाहीतर काठ ताटाला चिकटतो आणि पाण्याला आत यायला वाट राहत नाही. ताट रुंद घेतलं आणि पाणी भरपूर ओतलं, कारण पाणी कमी पडलं की काठ उघडा पडतो, बाहेरची हवा आत शिरते आणि सगळं मोजमाप वाया जातं. पंखा बंद. केस मागे बांधलेले, आई शेजारी उभी. मोबाईल पुस्तकांच्या चळतीला टेकवून पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठेवला. वरून चित्रण केलं तर पट्टीवरचा आकडा चुकीचा वाचला जातो. आणि बरणी खाली आणण्यापासून मेणबत्ती विझून अर्धा मिनिट होईपर्यंत चित्रण कुठेही तोडलं नाही. पार्श्वसंगीतही काढून टाकलं. मला ते फार बरं वाटलं, कारण बुडबुड्यांचा बारीक आवाज आता ऐकू येतो.

एका मेणबत्तीनं तीन वेळा केलेल्या प्रयोगात पाणी २.२, २.५ आणि २.१ सेंटिमीटर चढलं. तीन मेणबत्त्या लावल्यावर ४.६, ४.१ आणि ४.४. पंधराचा पाचवा भाग तीन सेंटिमीटर. एका मेणबत्तीचं पाणी त्याच्या खाली राहिलं, तीनचं त्याच्या वर गेलं. हवेत जेमतेम २१ टक्के ऑक्सिजन असतो. तेवढा सगळा नाहीसा झाला असता, तरी पाणी सव्वातीन सेंटिमीटरच्या पलीकडे जायचं कारण नव्हतं.

मग पाणी चढतं कशानं? पेटत्या मेणबत्तीवर बरणी आणताना आतली हवा तापते, फुगते आणि तिचा काही भाग बाहेर जातो. काठाखालचे बुडबुडे म्हणजे तीच बाहेर पडणारी हवा. काही तर काठ पाण्याला टेकण्याआधीच निसटते, ती आपल्याला दिसतही नाही. ज्योत जळते तोवर आतली हवा गरम आणि फुगलेली असते. ज्योत विझली की ती गार होते, आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब ताटातलं पाणी आत ढकलतो. बरणीच्या आतून जे धुकं धरतं, ती जळताना तयार झालेली पाण्याची वाफ. ती काचेवर गार होऊन पाणी होते, तिचाही थोडा हातभार लागतो. तीन मेणबत्त्या जास्त हवा तापवतात, म्हणून जास्त हवा बाहेर जाते आणि पाणी जास्त चढतं.

ऑक्सिजनचा वाटा अगदी शून्य नाही, तोही सांगितला पाहिजे. बंद बरणीत मेणबत्ती विझते तेव्हा हवेत जवळपास १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योत टिकायला तेवढा पुरत नाही, एवढंच. म्हणजे वापरला गेला तो २१ पैकी पाच टक्क्यांच्या आसपास. तोही नुसता नाहीसा होत नाही. मेण जळताना दर तीन भाग ऑक्सिजनमागे जवळजवळ दोन भाग कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो इतक्या थोड्या वेळात पाण्यात फारसा विरघळत नाही. खरी घट उरते पाच टक्क्यांच्या एक तृतीयांशाएवढी, म्हणजे दोन टक्क्यांच्याही आत. पंधरा सेंटिमीटरच्या बरणीत हे पाणी तीन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिच्या पट्टीवर मात्र एका मेणबत्तीला वीस-पंचवीस मिलिमीटर दिसत होते.

ही चूक आजची नाही. बायझँटियमच्या फायलो या ग्रीक यंत्रज्ञानं इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हाच प्रयोग नोंदवला आहे आणि पाणी चढण्याचं त्याचंही कारण चुकलेलं होतं.

तिच्या तीन आकड्यांत फरक का पडला, असंही तिनं विचारलं. बरणी खाली आणण्याच्या वेगामुळे. बरणी ज्योतीवर रेंगाळली की आत जास्त गरम हवा भरते आणि पाणी जास्त चढतं. झटकन ठेवली की कमी. म्हणून नंतर तिनं मनात तीन आकडे मोजत बरणी खाली आणायची, असं ठरवून घेतलं आणि व्हिडिओत तसं सांगितलंही. कृतीच्या निवेदनात असलं वाक्य आलं की ऐकणाऱ्याला तो प्रयोग घरी तसाच करता येतो.

तिनं आणखी एक गोष्ट स्वतःहून केली. तीच बरणी कढत पाण्यानं विसळली, उकळत्या नव्हे, कारण काच तडकते. पाणी ओतून टाकलं आणि लगेच बरणी ताटात पालथी घातली. मेणबत्ती नाही, ज्योत नाही, काही जळत नाही. तरी दोन-तीन मिनिटांत पाणी सेंटिमीटरभर वर आलं. हे दृश्य बघताना मी खुर्चीत सरसावून बसलो. ऑक्सिजनला हात न लावता पाणी चढवून दाखवलं की वाद मिटतो.

मग तिचा प्रश्न आला: "सर, मग एक पंचमांश खोटंच का?" खोटं नाही, पण ते मेणबत्तीकडून मिळत नाही. त्यासाठी लोखंड गंजवायचं. परीक्षानळी आतून ओली करायची, तळाशी लोखंडाचा कीस भुरभुरायचा आणि नळी पाण्यात पालथी उभी करायची. इथे भांडी घासायच्या स्टीलच्या काथ्यानं फसगत होते, कारण ते स्टील सहजासहजी गंजत नाही. साधं लोखंडच लागतं, आणि त्याला तेलाचा हात लागलेला असेल तर आधी व्हिनेगरमध्ये धुऊन घ्यायचं. गंज धरताना ऑक्सिजन लोखंडात अडकतो, त्याच्या जागी दुसरा वायू तयार होत नाही, आणि हे इतकं सावकाश होतं की हवा तापतही नाही. फक्त वाचन रोज एकाच वेळी घ्यायचं. दुपारची गरम हवा आणि पहाटेची गार हवा पातळी थोडी हलवतात.

तिनं नळी खिडकीपासून दूर, फळीवर ठेवली आणि रोज सकाळी सात वाजता एकाच जागेवरून एकेक छायाचित्र घेतलं. नळीतली हवा पंधरा सेंटिमीटर होती.

शेवटी पाठवलेल्या व्हिडिओत निरीक्षणाच्या जागी तिचं निवेदन असं आहे: "बरणी ठेवताना काठाखालून बुडबुडे आले. ज्योत जळत असताना पाणी फारसं चढलं नाही. ज्योत विझल्यावर चढलं. तीन मेणबत्त्यांना जास्त चढलं. गरम बरणीत मेणबत्तीशिवायही चढलं." ऑक्सिजन हा शब्द तिथे एकदाही येत नाही. तो येतो अनुमानात: "पाणी चढण्याचं मुख्य कारण गरम हवा गार होणं हे आहे. ऑक्सिजन किती होता, हे या प्रयोगातून मोजता येत नाही."

त्यानंतर नळीची छायाचित्रं येतात. दुसऱ्या सकाळी पाणी दोन सेंटिमीटरच्या जरा पुढे. तिसऱ्या सकाळी तीनपाशी. चौथ्या सकाळी कीस तांबूस झालेला आणि पाणी तिथेच, तीनपाशी. पाचव्या सकाळीही तिथेच.

नमस्कार.