मधलं पॅकेज म्हणजे पुरतं काम

(जळगावात घरबसल्या डिझाइनचं काम करणाऱ्या तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

हिवाळ्यात आपल्याकडच्या कुठल्याही भरीत सेंटरवर जाऊन उभं राहा. गिऱ्हाईक वांगी मोजत नाही, ग्रॅमही मोजत नाही. घरात खाणारी माणसं किती, पाहुणे किती, एवढा हिशोब मनात करतं आणि म्हणतं, किलोभर द्या. त्याला लागणारं माप तो घरूनच घेऊन आलेला असतो. फायव्हर या घरबसल्या कामं मिळवून देणाऱ्या संकेतस्थळावर तुमच्या गिगपाशी, म्हणजे तुम्ही विकायला मांडलेल्या सेवेच्या पानापाशी, आलेला माणूसही असंच एक माप घेऊन येतो. तिथे एकाच सेवेची बेसिक, स्टँडर्ड आणि प्रीमियम अशी तीन पॅकेजं लावता येतात. ते माप तुमच्या स्टँडर्ड पॅकेजात बसलं, की मधलं पॅकेज विकलं जातं. नाही बसलं, तर किमतीची कितीही जुळवाजुळव केली तरी तो बेसिकवरच थांबतो.

आज एकाच कामाबद्दल बोलतो, कारण आकडे समोर असल्याशिवाय हा विषय हवेत राहतो. काम असं: ॲमेझॉनवर माल विकणाऱ्यांसाठी लिस्टिंगची, म्हणजे वस्तूच्या पानावरची, चित्रं करून देणं. पहिलं मुख्य चित्र, शुद्ध पांढऱ्या पार्श्वभूमीवर, चौकटीचा निदान 85 टक्के भाग वस्तूने व्यापलेला, त्यावर कसलाही मजकूर नाही. पुढची चित्रं माहितीची: मापं, वापर, आत काय काय येतं. ॲमेझॉनच्या पानावर साधारण सात चित्रं सहज नजरेस पडतात, म्हणून विक्रेता सातचा संच शोधत असतो. डझनाशिवाय केळी मागायला जीभ वळत नाही, तसं या धंद्यात सात.

आता नवखा माणूस पॅकेजं कशी लावतो ते बघा. बेसिक 2 चित्रं, 15 डॉलर. स्टँडर्ड 5 चित्रं, 45 डॉलर. प्रीमियम 9 चित्रं, 90 डॉलर. शिवाय गिग एक्स्ट्रामध्ये, म्हणजे पॅकेजावर वेगळे पैसे देऊन घ्यायच्या सुट्या कामांत, जादा चित्र 7 डॉलरला. दिसायला पायऱ्या व्यवस्थित आहेत. पण सात चित्रं हवी असलेला माणूस काय करेल? बेसिक घेऊन वर पाच जादा चित्रं घेतली, तर 15 अधिक 35 म्हणजे 50 डॉलर. स्टँडर्ड घेऊन दोन जादा घेतली, तर 59. म्हणजे मधलं पॅकेज घेणाऱ्याला आपण 9 डॉलरचा दंड लावला. प्रत्येक चित्राचा भाव बघितला तर तो बेसिकला साडेसात, स्टँडर्डला नऊ, प्रीमियमला दहा. जास्त घेणाऱ्याला जास्त भाव! गोलाणी मार्केटमध्ये कुणी असा भाव सांगितला तर आपण दुकानातून बाहेर पडू. आणि नऊ चित्रांचं प्रीमियम तर कुणाच्याच मापाचं नाही.

हीच पॅकेजं नव्याने लावू. स्टँडर्डपासून सुरुवात करायची, कारण माप तिथे आहे: 7 चित्रं, 1 मुख्य आणि 6 माहितीची, 60 डॉलर. मग बेसिक: 3 चित्रं, 1 मुख्य आणि 2 माहितीची, 30 डॉलर. प्रीमियम: तीच 7 चित्रं, शिवाय ए प्लस कंटेंटची पूर्ण मांडणी, 140 डॉलर. ए प्लस म्हणजे उत्पादनाच्या पानावर खाली जी चित्रमय माहिती येते ती. ती लावायला ॲमेझॉनवर ब्रँडची नोंदणी असावी लागते, त्यामुळे प्रत्येक विक्रेत्याला ती लागतच नाही. प्रीमियममध्ये असंच काहीतरी हवं: थोड्यांना खरोखर लागणारं, बाकीच्यांना बघून कळणारं, पण आपल्याला नको असं वाटणारं.

जादा चित्राचा भाव 12 डॉलर. हा आकडा उगाच नाही. बेसिकमध्ये चित्र दहाला पडतं, त्याहून सुटं थोडं महाग, एवढं कुणालाही पटतं. पंचवीस लावलेत तर लूट वाटेल. आता हिशोब करा. चार चित्रं हवीत त्याला बेसिक आणि एक जादा, 42 डॉलर. ठीक आहे, त्याने बेसिकच घ्यावं. पाच हवीत त्याला 54. इथे तो थबकतो, कारण आणखी 6 डॉलर टाकले की दोन चित्रं जास्त मिळतात. सात हवीत त्याला बेसिकच्या वाटेने 78 पडतात आणि समोर 60 लिहिलेलं आहे. पाचाच्या पुढची सगळी मागणी आपोआप मध्यावर येते. गिग प्रसिद्ध करण्याआधी हा हिशोब कागदावर करायचाच: बेसिकची किंमत, अधिक कमी पडणाऱ्या चित्रांचे पैसे, ही बेरीज स्टँडर्डपेक्षा ठळकपणे जास्त यायला हवी. तसंच ए प्लस सुट्या एक्स्ट्रामध्ये 50 डॉलरला ठेवू नका. स्टँडर्ड अधिक 50 म्हणजे 110 होतात आणि 140 चं प्रीमियम तिथल्या तिथे खोटं पडतं.

तुम्ही विचाराल, चित्राचा भाव दहावरून साडेआठवर आणला, यात आपला तोटा नाही का? वेळ मोजा. वस्तूची माहिती वाचणं, रंग आणि अक्षरं ठरवणं, फाइलचा साचा करणं, याला दीड तास लागतो असं धरू, मग चित्रं तीन असोत की सात. प्रत्येक चित्राला पाऊण तास. बेसिकला पावणेचार तास झाले, स्टँडर्डला पावणेसात. फायव्हर आपल्या कमाईतून 20 टक्के कापतं, म्हणजे हातात 24 आणि 48 डॉलर. तासाला बेसिकमध्ये 6.40, स्टँडर्डमध्ये 7.11. चित्र स्वस्त झालं तरी तास महाग झाला, कारण तो दीड तास सात चित्रांत वाटला गेला. तुमच्या कामात हा आकडा उलटा येत असेल, म्हणजे स्टँडर्डमध्ये तासाचे पैसे कमी पडत असतील, तर लोकांना मध्याकडे ओढण्यात काही अर्थ नाही. आधी किंमत सुधारा.

आता प्रीमियमची किंमत स्टँडर्डपासून इतकी लांब का? इटमार सायमनसन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. मिनोल्टाचे दोन कॅमेरे, साधारण 170 आणि 240 डॉलरचे, लोकांपुढे ठेवले, तेव्हा निवड निम्मी-निम्मी झाली. मग दुसऱ्या गटापुढे तिसरा, 470 डॉलरचा कॅमेराही ठेवला. मधल्याला 57 टक्के मिळाले आणि उरलेले दोन्ही टोकांत जवळपास सारखे वाटले गेले. पायऱ्यांकडे लक्ष द्या: खालून मध्यापर्यंत 70 डॉलर, मध्यापासून वर 230. आपल्याकडे 30 आणि 80. मधली पायरी चढायला सोपी, वरची उंच. पण त्या प्रयोगात तिसरा कॅमेरा खरोखर चांगला होता. काही जण प्रीमियमला 500 डॉलर लिहून आत दोन-चार फुटकळ गोष्टी कोंबतात. गिऱ्हाईक तो आकडा हिशोबातच धरत नाही. आणि एखाद्याने ते मागवलंच, तर द्यायला तुमच्याकडे काय आहे?

बेसिकलाही दोन बाजू आहेत. शोधाच्या यादीत "From $30" असं जे दिसतं ती बेसिकची किंमत, आणि गिग उघडल्यावर समोर येतं तेही बेसिकच. ते महाग ठेवलं तर माणूस आतच येत नाही. ते मुद्दाम पंगू केलं, उदाहरणार्थ कमी पिक्सेलची फाइल दिली, तर वाईट अभिप्राय पूर्ण गिगवर चिकटतो, बेसिकपुरता राहत नाही. तीन चित्रं ही ज्याच्याकडे बाकीची चित्रं आधीच आहेत किंवा ज्याला तुमचा हात बघायचा आहे, त्याचं पुरतं काम आहे. काम लहान ठेवा, दर्जा तोच ठेवा.

मुदतीत बरेच जण घसरतात. बेसिक 1 दिवसात आणि स्टँडर्ड 7 दिवसांत असं लिहिलं, की घाईतला विक्रेता पैसे बाजूला ठेवून दिवस बघतो आणि बेसिक उचलतो. बेसिक 3 दिवस, स्टँडर्ड 4, प्रीमियम 7, असं ठेवा. पहिल्या दोघांत एकच दिवसाचं अंतर. फेरफाराच्या फेऱ्या 1, 2, 3 पुरेत. अमर्याद फेऱ्या कुठेच नकोत. वर केलेला तासांचा हिशोब तिथे एका गिऱ्हाइकात कोलमडतो.

पॅकेजच्या वर्णनाला जेमतेम एक-दोन ओळींची जागा असते. सिल्व्हर, गोल्ड असली नावं तिथे वाया जातात. सराफ बाजारात शोभतात ती. स्टँडर्डच्या ओळीत पहिला शब्द मापाचा हवा आणि काम पुरतं आहे हे कळायला हवं:

```
Basic:    3 images: 1 main + 2 infographics
Standard: Full set of 7: 1 main + 6 infographics, ready to upload
Premium:  Full set of 7 + complete A+ Content design
```

तिन्ही ओळींची घडण एकच आहे हे बघा. तुलनेच्या तक्त्यात माणूस वरून खाली वाचत नाही, आडवा वाचतो. दहा ओळींत दहा फरक ठेवले तर तो थकून सगळ्यात स्वस्तावर बोट ठेवतो. फरक दोन-तीनच ठेवा: किती चित्रं, ए प्लस आहे की नाही, किती दिवस.

मग वही घाला. प्रत्येक ऑर्डरपुढे तीनच नोंदी: पॅकेज कोणतं, सोबत एक्स्ट्रा काय, आणि ऑर्डरआधी त्याने पहिला प्रश्न काय विचारला. बेसिकसोबत सारखी जादा चित्रं येत असतील तर एक्स्ट्राचा भाव चुकला आहे. "सात चित्रांचे किती?" असं लोक निरोपात विचारत असतील तर स्टँडर्डची ओळ वाचली जात नाही. सगळेच प्रीमियम घेऊ लागले तर खूश होण्याआधी तासांचा हिशोब पुन्हा करा, बहुधा ते स्वस्त लागलंय. लोक गिग बघतात पण ऑर्डर नाही, तर पॅकेजांना हात लावण्याआधी नमुन्याची चित्रं बघा. दोष तिथे असू शकतो. दहा ऑर्डरींत चार की सहा, यावरून काही ठरवू नका, तेवढा चढउतार नुसत्या योगायोगानेही होतो. पंचवीस-तीस नोंदी झाल्या की एकच गोष्ट बदला, किंमत किंवा मुदत किंवा ओळ, आणि पुन्हा तेवढ्याच नोंदी होऊ द्या.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. ज्याला नेमकं एकच मुख्य चित्र पांढऱ्या पार्श्वभूमीवर हवं आहे, त्याला कुठलीही मांडणी मध्यावर आणणार नाही, आणि आणूही नये. अशी मागणी वहीत वारंवार दिसली, तर तिच्यासाठी वेगळी गिग काढा. तिथलं माप निराळं असेल: पाच वस्तू, वीस वस्तू, पन्नास वस्तू, आणि त्यातलं मधलं कोणतं हे पुन्हा त्या गिऱ्हाइकांच्या प्रश्नांतूनच शोधावं लागेल.