पोटातल्या पायऱ्या

(पडद्यावर: व्ह्यू बॉक्सवर लावलेला पोटाचा एक्स-रे)

पोटाच्या मधोमध या काळ्या कमानी बघा. प्रत्येकीचा तळ पट्टीनं आखल्यासारखा सरळ, आणि एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. काळी दिसते ती हवा, तिच्याखाली करडं दिसतं ते पाणी. अर्धी भरलेली बाटली उभी धरली की पाण्याची रेषा आडवी दिसते, तसंच हे. उताणं झोपवून नेहमीसारखा फोटो काढला तर फुगलेली आतडी दिसतील, पण या रेषा नाहीत. म्हणून हा उभं करून काढलाय. अशा पायऱ्या दिसल्या की आतड्यात अडथळ्याची शंका घ्यायची.

(रुग्णाचं पोट. बेंबीखाली जुना व्रण)

बाई ५२ वर्षांच्या. दोन दिवस उलट्या. आधी खाल्लेलं पडलं, मग हिरवं पित्त, आता मळकट, घाण वासाचं. कळ येते, पिळवटते, ओसरते, परत येते. शौचाला झालेली नाहीच, पण सर्जन विचारतात ते वेगळंच: "वारा सरतोय का?" कालपासून तोही नाही.

९ वर्षांपूर्वी त्यांची गर्भपिशवी काढलीय. अर्धं निदान त्या व्रणातच आहे. ऑपरेशननंतर पोटात आतडी एकमेकांना चिकटतात, पट्टे तयार होतात, आणि अशा एखाद्या पट्ट्याखाली वेटोळं आवळलं जातं. तरी जांघेत हात लावून हर्निया बघायचाच. कपड्याआड तो हमखास राहून जातो.

(एक्स-रे जवळून)

कमानींवरच्या बारीक आडव्या रेघा या काठापासून त्या काठापर्यंत जातात. म्हणजे हे लहान आतडं. त्याची रुंदी ३ सेंटिमीटरच्या आत असावी. इथं ४ भरतेय.

हवा बहुतेक गिळलेली. पाणी मात्र शरीराचंच. लाळ, जठररस, पित्त असं दिवसाला सात-आठ लिटर आतड्यात उतरतं आणि एरवी परत शोषलं जातं. इथं ते अडकून पडलंय. पोट तुडुंब, आणि जीभ कोरडी पडलेली.

(वॉर्ड. नाकातली नळी)

तोंडानं काही नाही, सलाईन, लघवीचं माप, आणि नाकातून जठरात रायल्स ट्यूब. पहिल्या तासात पिशवीत दीड लिटर हिरवट पाणी.

पायऱ्यांवर फार विसंबू नये. जुलाब-उलट्यांच्या साध्या आजारातही त्या दिसू शकतात. उलट आतडं नुसत्या पाण्यानं भरलेलं असेल, तर अडथळा असूनही दिसत नाहीत. आणि आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय का, हे या फोटोवरून खात्रीनं कळत नाही. त्यासाठी दर काही तासांनी पोटावर हात ठेवायचा. कळ ओसरायची थांबली, दुखणं सलग झालं, नाडी वाढली, ताप आला, तर वाट बघायची नाही. सर्जनला लगेच बोलवायचं. मग सीटी नाहीतर थेट ऑपरेशन थिएटर.

या बाईंचं तसं झालं नाही. नळीतून क्ष-किरणांत पांढरं दिसणारं औषध दिलं. दुसऱ्या सकाळच्या फोटोत ते मोठ्या आतड्यात पोचलेलं होतं, म्हणजे वाट मोकळी झाली होती.

फोटो वॉर्डात यायच्या आधीच त्या हळूच म्हणाल्या होत्या, "सिस्टर, वारा सरला."