तेल कधी बदलायचं, हे रिपोर्टला विचारा

(छोट्या वाहतूकदारांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तेल काळं झालं म्हणजे संपलं, हा समज आधी बाजूला ठेवू. डिझेल इंजिनात नवं तेल ओतलं की थोड्याच फेऱ्यांत ते काळं होतं. काजळी एका जागी साचू न देता तरंगत ठेवणं हेच त्याचं काम आहे. म्हणून रंग पाहून तेल टाकून देऊ नका, आणि रंग पाहून ते ठेवूही नका. वापरातल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून जो रिपोर्ट येतो, त्याला विचारा.

समजायला सोपं जावं म्हणून मी आकडे मांडून एक ताफा घेतो. भोसरी, चाकण, हिंजवडी अशा पट्ट्यात पार्सल पोचवणारे आठ बीएस-४ डिझेल पिकअप, वॉरंटी संपलेले. तेल पंधरा-चाळीस ग्रेडचं, बदली दहा हजार किलोमीटरला. मालकाला हा पल्ला वाढवायचा आहे. तो सगळ्या गाड्यांवर एकदम प्रयोग करत नाही, दोनच गाड्या निवडतो. नवीन तेलाचाही एक नमुना प्रयोगशाळेत पाठवतो, कारण तुलना कशाशी करायची ते आधी कळायला हवं.

पहिला नमुना नऊ हजारांनाच काढायचा. रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि गाडी तोवर थांबत नाही. इंजिन गरम असताना बंद करायचं आणि लगेच गेजपट्टीच्या नळीतून स्वच्छ प्लास्टिक ट्यूब आत सोडून हातपंपाने ओढायचं. ट्यूबचं टोक चेंबरच्या तळाला टेकू देऊ नका, तळातला गाळ आला की रिपोर्ट बिघडतो. बाटलीवर तेलाचं चाललेलं अंतर आणि मध्ये किती लिटर टॉप-अप केलं तेही लिहा. ही शेवटची नोंद सगळे विसरतात. टॉप-अपच्या नव्या तेलाने झिजेचा आकडा खाली दिसतो, आणि तेल पिणारं इंजिन कागदावर निरोगी ठरतं.

आता एका गाडीचे रिपोर्ट वाचू. नऊ हजारांना लोखंड, म्हणजे इंजिन झिजून तेलात उतरलेले कण, २७ पीपीएम, दहा लाख भागांत २७ भाग. म्हणजे हजार किलोमीटरला ३. बेस नंबर, म्हणजे आम्ल मारण्याची तेलाची शिल्लक ताकद, नव्यात १० होता, तो आता ६.२. चिकटपणा ठीक. तेव्हा तेच तेल पुढे चालवलं. बारा हजारांना लोखंड ३७, बेस नंबर ५.३. म्हणजे मधल्या तीन हजारांत लोखंड दहाने वाढलं, वेग जवळपास तोच. साडेचौदा हजारांना मात्र लोखंड ६२ आणि बेस नंबर ४.४.

इथे घाई करणारा म्हणेल, सरासरी हजाराला सव्वाचारच तर आहे, त्यात काय? पण सरासरी फसवते. शेवटच्या अडीच हजारांत २५ पीपीएम वाढलं, म्हणजे हजाराला १०. झिजेचा वेग तिप्पट झाला, आणि बेस नंबरही नव्याच्या निम्म्याखाली गेला. निम्मं ही बरेच जण धरतात ती धोक्याची रेष आहे. दुसऱ्या गाडीचे रिपोर्टही असंच सांगत असतील, तर या ताफ्यासाठी बारा हजार हा पल्ला ठरतो, पंधरा नाही. दोन हजारच वाढले म्हणून हिरमुसू नका. रिपोर्टने नाही म्हटलं, हेही त्याचं काम झालं.

बारा हजारांचा नियम सगळ्या ताफ्याला लावल्यावरही अधूनमधून नमुना काढायचाच, कारण आठातली एखादी गाडी वेगळी निघते. समजा एकीत सिलिकॉन बाकीच्यांच्या तिप्पट आहे आणि लोखंडही चढलंय. ही धूळ आहे. एअर फिल्टरचा पाइप किंवा क्लिप तपासा. मात्र इंजिन नुकतंच उघडलं असेल तर सिलिकॉन सीलंटमधूनही येतं, तेव्हा लोखंड शांत असतं.

दुसरी गाडी जास्त चकवते. दारोदार थांबत जाणारी गाडी, तिचा एक नोझल गळतोय, डिझेल तेलात उतरतंय. डिझेलने तेल पातळ होतं आणि काजळीने घट्ट. दोन्ही एकदम झालं की चिकटपणाचा आकडा जागेवर दिसतो आणि बेअरिंगवरचा थर मात्र कमजोर होतो. म्हणून इंधनाचं प्रमाण वेगळं मोजून मागा. ते पाच टक्क्यांकडे गेलं तर किलोमीटर पाहू नका, नोझल दुरुस्त करून त्याच दिवशी तेल काढा.

बीएस-६ गाड्यांत हा प्रश्न नोझल चांगला असतानाही उभा राहतो. धुराचा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी बऱ्याच इंजिनांत जादा डिझेल सिलिंडरमध्ये सोडलं जातं, आणि त्यातलं थोडं भिंतीवरून तेलात जातं. गाडी सारखी बंद-चालू होत असेल तर ही सफाई अर्धवट राहते आणि पुन्हा पुन्हा सुरू होते. अशा गाडीचा पल्ला वाढवायच्या भानगडीत मी पडणार नाही. उलट गेजपट्टीवर तेलाची पातळी वाढलेली दिसली, तर कंपनीच्या पल्ल्याआधीच बदली करीन.

आणि रिपोर्टची मर्यादाही ध्यानात ठेवा. धातू मोजणारं नेहमीचं यंत्र फार बारीक कण पाहतं, साधारण पाच मायक्रॉनपेक्षा मोठे त्याला नीट दिसत नाहीत. बेअरिंगचे तुकडे निघत असतील तर लोखंडाचा आकडा शांतही राहू शकतो. म्हणून प्रत्येक बदलीला जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उजेडात पाहायचा, चकाकी दिसली तर रिपोर्ट कितीही चांगला असला तरी गाडी रस्त्यावर काढायची नाही.