आतला एक इंच

(दृश्य : कोल्हापूर. महाद्वार रोडवरून आत वळलेली गल्ली. शटर वर जातं.)

या दुकानात वडील शर्ट-पँट शिवायचे. रेडिमेड कपडे आले, शिलाईचं गिऱ्हाईक तुटत गेलं, तेव्हा मुलीनं त्याच मशीनवर ब्लाऊज शिवायला घेतले. आता पाटीवर 'बुटीक' लिहिलंय. जाहिरात मात्र कधी केलेली नाही. इथं येणारी प्रत्येक बाई कुणाचं तरी नाव सांगत येते.

काउंटरवरची वही बघा. छाती, कंबर, उंची, शोल्डर, मुंढा, दंडघेर, पुढचा गळा, मागचा गळा. आणि शेवटचा रकाना, 'कुणाकडून'. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर हा रकाना भराभर भरतो. तिथं बायका शेजारी बसतात, एकमेकींचा मागचा गळा पाठीला बसलाय की उचललाय हे सहज दिसतं. पण याच रकान्यातून ती दुसरंही एक वाचते. एखादीच्या नावानं दोन-तीन बायका आल्या आणि मग ते नाव थांबलं, तर ती त्या पहिल्या बाईला स्वतः फोन करते. बहुतेक वेळा ब्लाऊज कुठंतरी काचत असतो आणि बाई संकोचानं बोललेली नसते.

(दृश्य : ब्लाऊज उलटा केलेला. बाजूची शिवण जवळून.)

काचणारा ब्लाऊज दुरुस्त होतो, कारण आत कापड ठेवलेलं असतं. बाजूच्या दोन शिवणींत पुढची-मागची मिळून चार कडा येतात. प्रत्येक कडेला एक इंच मार्जिन असेल आणि त्यातलं अर्धा इंच सोडलं, तर घेर दोन इंचांनी वाढतो. वडिलांचा एकच आग्रह होता : "मार्जिन गिऱ्हाइकाचं असतं पोरी, ते कापायचं नाही."

दुसरी तक्रार महिन्याभरानं येते. पहिल्या धुण्यात सुती अस्तर आटतं, वरचं कापड तेवढं आटत नाही, आणि छातीवर चुण्या पडतात. म्हणून इथं अस्तर आधी दोन-तीन तास पाण्यात भिजतं, सावलीत वाळतं आणि इस्त्री करूनच बेतायला घेतलं जातं. अस्तराचे दुकानदार काका तिचे सगळ्यात जुने भागीदार. ते एकाच जातीचं सुती अस्तर देतात, रंग जुळला नाही तर परत घेतात, आणि पैसे महिन्याला. स्वस्त अस्तर बाजारात मिळतंच, पण त्याचा रंग घामानं रेशमाला लागला तर पैठणीचा ब्लाऊजपीस दुसरा आणायचा कुठून?

लग्नाच्या ब्लाऊजवर आरीकाम करणाऱ्या मावशी ही तिची दुसरी साथ. सुरुवातीला दोघींचंही काम वाया जायचं. कापड फ्रेमवर ताणून भरलेलं असतं. फ्रेममधून काढलं की ते सैल होतं, टाके त्याला आत ओढतात, आणि आखलेला गळा पाव-अर्धा इंच लहान भरतो. शिवाय मणी शिवणीच्या रेषेवर आले की मशीनची सुई तुटते. आता ठरलंय ते असं : कापड न कापता त्यावर पूर्ण आखणी करून द्यायची, शिवणीलगत अर्धा इंच जागा कोरी ठेवायची, काम परत आल्यावर पुन्हा मापून मगच कात्री लावायची.

एका नवरीचं उदाहरण घेऊ. माप लग्नाआधी दीड महिना घेतलं, छाती ३४. आरीकामाला बारा दिवस गेले. मग कच्ची शिलाई घातली, म्हणजे लांब टाके, सहज उसवतील असे. लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा नवरीला पुन्हा बोलावलं. छाती ३३ भरली. धावपळीत मुली वाळतातच. चारही कडांना पाव-पाव इंच आत घेतला, आणि पक्की शिलाई त्यानंतर मारली. हे आठ दिवस पाळले नाहीत, तर कितीही छान भरलेला ब्लाऊज मंडपात पिना लावून घालावा लागतो.

तिसरा भागीदार महाद्वार रोडवरचा साडीवाला. तो गिऱ्हाईक पाठवतो, पण कमिशन घेत नाही. कमिशन दिलं असतं तर ते शिलाईत चढवावं लागलं असतं, आणि दोन बहिणींनी दर ताडून पाहिले की शब्द फिरला असता. त्याऐवजी त्याच्या साड्यांचं फॉल-पिको ती ठरलेल्या दरात दोन दिवसांत करून देते. त्याची साडी विकली जाते ती या खात्रीवर.

तुळशीचं लग्न झालं की रांग लागते. तेव्हा आठवड्याला नवरीचे चारच ब्लाऊज घ्यायचे, हा तिचा नियम. पाचवीला ती पुढची तारीख सांगते, जमत नसेल तर दुसऱ्या शिंप्याचं नाव देते.

(दृश्य : नवरीची आई पिशवी उघडते. ब्लाऊजसोबत त्याच रंगाच्या दोऱ्याची गुंडी आणि दोन जादा हूक.)

सोबत करवलीही आलीय. वहीचं नवं पान. 'कुणाकडून' या रकान्यात ती लिहिते : ताई.