गेलेला ‘स’ कुठे शोधायचा?

(स्पॅनिश शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज मी एकच वाक्य घेऊन आलो आहे. ‘के एस लो के बास आ आसेर एस्ता तार्दे?’ म्हणजे ‘आज दुपारी तू काय करणार आहेस?’ यात एकही अवघड शब्द नाही. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे सगळे शब्द येऊन जातात. तरी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हियाच्या एखाद्या बारमध्ये कुणी हे विचारलं, की दोन वर्षं शिकलेला माणूसही समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

पहिली तक्रार नेहमी वेगाची असते. ती खोटी नाही. 2011 साली फ्रान्समधल्या ल्योंच्या संशोधकांनी काही भाषांमधलं वाचन मोजलं. त्यात स्पॅनिश सेकंदाला जवळजवळ आठ अक्षरं भरली, इंग्रजी सहाच्या थोडी वर. इथे ‘अक्षर’ म्हणजे एका स्वराभोवतीचा उच्चार, म्हणून ‘एस’ हे एकच अक्षर. म्हणजे बारा अक्षरांचं आपलं वाक्य दीड सेकंदात संपतं. पण ध्वनिफीत निम्म्या वेगाने लावून बघा. वाक्य लांबतं, कळत मात्र फारसं नाही, कारण जो आवाज काढलाच नाही तो हळू लावल्याने परत येत नाही. अडचण वेगापेक्षा वेगळ्याच ठिकाणी आहे.

आधी कोलंबियातल्या बोगोताला जाऊ. तिथे व्यंजनं बऱ्यापैकी शाबूत राहतात. तिथला माणूस आपलं वाक्य साधारण असं म्हणेल: ‘केस-लो-के-बा-सा-से-रेस-ता-तार-दे’. बाराची दहा अक्षरं झाली. ‘के’ आणि ‘एस’ एकमेकांत मिसळले, ‘आ’ आणि ‘आसेर’मधला ‘आ’ एक झाला. स्वराला स्वर भेटला की स्पॅनिशमध्ये बहुधा हेच होतं. दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वरावर जाऊन बसतं. ‘बास’चा ‘स’ पुढे सरकून ‘सा’ झाला, ‘आसेर’चा ‘र’ पुढे जाऊन ‘रेस’ झाला. शिकणारा मनातल्या मनात ‘रेस्ता’ नावाचा शब्द शोधू लागतो आणि तेवढ्यात वाक्य संपतं. आपणही ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’ करतोच, फक्त आपल्याला ते जाणवत नाही.

आता सेव्हिया. तिथे ऐकू येईल ते साधारण असं: ‘केल्लोके बासेरेत्था तार्दे?’ अक्षरं नऊ, आणि ‘स’ फक्त एकाच जागी, ‘आसेर’च्या पोटात. बाकी तीन कुठे गेले? सेव्हिया ज्या प्रांतात आहे त्या आंदालुसियात, क्यूबा-पोर्तो रिकोसारख्या कॅरिबियन बेटांवर, चिलीत अक्षराच्या शेवटी आलेला ‘स’ आधी ‘ह’सारखा हलका होतो आणि मग पुष्कळदा जातोच. ‘लोस’चं ‘लोह’, ‘लोह’चं ‘लो’. ज्यांनी शाळेत संस्कृत केलं त्यांना हे अनोळखी वाटू नये. ‘रामस्’चा ‘रामः’ होतो तो याच वाटेने.

पुढची पायरीही आपल्या घरात घडलेली आहे. संस्कृत ‘हस्त’चं प्राकृतात ‘हत्थ’ झालं आणि त्यातून आपला ‘हात’ आला. ‘स’ गेला, पण जाताना ‘त’ला दुप्पट करून आणि त्यात श्वास भरून गेला. सेव्हियातला ‘एस्ता’ म्हणजे ‘एत्था’ हा अगदी तोच प्रकार. ‘एस लो’चं ‘एल्लो’ झालं, तिथेही ‘ल’ जाड झाला. म्हणून पुढे व्यंजन असेल तेव्हा गेलेला ‘स’ त्या व्यंजनात शोधायचा. मराठी कानाला ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक जन्मापासून ऐकू येतो. स्पॅनिश शिकणाऱ्या सगळ्याच देशांतल्या लोकांना ही सोय नसते. आपण ती वापरत नाही, याचं मला नवल वाटतं.

‘बास’चा ‘स’ मात्र खरोखर हरवला. त्याच्या पुढे व्यंजन नाही, स्वर आहे, त्यामुळे खूण ठेवायला जागाच नाही. कधी ‘बाहासे’ असा पुसटसा ‘ह’ सापडतो, कधी तोही नाही. आणि हा ‘स’ किरकोळ नव्हता. ‘बास’ म्हणजे तू, ‘बा’ म्हणजे तो किंवा ती. कर्ता तिथेच होता. आता ‘तू काय करणार’ की ‘तो काय करणार’, हे आवाजावरून ठरत नाही. समोरचा तुमच्याकडे बघून विचारतो आहे, एवढ्यावरच ते कळतं.

ग्रानादाकडे, म्हणजे आंदालुसियाच्या पूर्वेला, याचा वेगळाच तोडगा आहे. तिथे ‘स’ गेला की स्वर मोकळा होतो. ‘ला कासा’ म्हणजे घर. ‘लास कासास’ म्हणजे घरं. त्याचा उच्चार जवळपास ‘लॅ कॅसॅ’ होतो. ‘ओ’चा ‘ऑ’कडे कल जातो. स्पॅनिश ध्वनिशास्त्रज्ञ तोमास नावारो तोमास यांनी 1939 मध्येच या स्वरांचं वर्णन करून ठेवलं आहे. अनेकवचन ऐकायचं असेल तर तिथे शब्दाच्या शेवटाची वाट बघू नका, स्वर ऐका. ‘बॅट’ आणि ‘बॉल’ म्हणणाऱ्यांना ते जमायला हरकत नाही. (मेक्सिको सिटीत नेमकं उलट: ‘स’ ठणठणीत, आणि त्याच्या शेजारचे आघात नसलेले स्वरच विरतात. त्यामुळे तिथे तयार झालेला कान सेव्हियात गोंधळतो.)

‘द’चं प्रकरण सोपं आहे. ‘कान्सादो’चं ‘कान्साओ’, ‘तोदो’चं ‘तो’, ‘नादा’चं ‘ना’. अशी रोजची रूपं शब्द म्हणूनच पाठ करावीत.

आता सराव. तीन-चार सेकंदांचा तुकडा घ्या, त्याहून मोठा नको. तो पुन्हा पुन्हा ऐका आणि जे कानावर पडतं ते देवनागरीत लिहा. शब्द ओळखू नका, अक्षरं लिहा. रोमन लिपीत लिहायला गेलात की हात आपोआप पुस्तकातलं स्पेलिंग लिहितो आणि न ऐकलेला ‘स’ कागदावर उमटतो. देवनागरीत ती सवय नसल्यामुळे तुम्ही प्रामाणिकपणे ‘रेत्था’ लिहाल. मग खाली मूळ वाक्य लिहा आणि कुठलं अक्षर कुठे गेलं ते रेघा मारून जोडा. मूळ वाक्य वाचूनही अर्थ लागला नाही, तर कमतरता शब्दांची आहे, कानाची नाही. तो तुकडा बाजूला ठेवा. चित्रपटांच्या उपशीर्षकांवर विसंबू नका. वाचायला वेळ पुरावा म्हणून ती पुष्कळदा छाटलेली असतात, आणि तुम्ही बोललंच न गेलेल्या वाक्याशी आवाज जुळवत बसता.

एका श्रोत्याने मघाशी विचारलं, की ‘तू’ की ‘तो’ हा घोळ तिथल्या लोकांचा होत नाही का? होतो, तेव्हा तेही ‘कोण, मी?’ असं विचारतात. क्यूबातल्या हवानात किंवा पोर्तो रिकोतल्या सान हुआनमध्ये ‘के तू बास आ आसेर?’ असं ऐकू येतं. प्रश्नात ‘तू’ क्रियापदाआधी घालणं आपली पुस्तकं चूक मानतात, तिथे ते रोजचं आहे. गेलेल्या ‘स’ची ही भरपाई आहे, असं काही अभ्यासक मानतात. मला ते पूर्ण पटत नाही. ‘स’ आंदालुसियातही जातो, पण तिथे लोक उठसूट ‘तू’ म्हणत नाहीत. कारण काहीही असो, ऐकणाऱ्याला फायदा आहेच. कॅरिबियन बोली सगळ्यांत अवघड, असा तिचा लौकिक आहे; पण कर्ता शोधायचा असेल तर तिथे तो पुष्कळदा क्रियापदाच्या आधीच हाती लागतो.