बापाने घेतलेल्या घरात मुलांचा हिस्सा किती?

पडद्यावर दोन कागद आहेत. डावीकडे दीड एकर कोरडवाहू जमिनीचा सातबारा. ही जमीन पणजोबांपासून चालत आलेली. उजवीकडे तालुक्याच्या गावातल्या एका घराचं खरेदीखत, साल 2001, खरेदीदार म्हणून एकट्या वडिलांचं नाव. हे वडील एसटीत चालक होते. त्यांना एक मुलगा, दोन मुली. हे कुटुंब आपण उदाहरणापुरतं उभं केलंय, पण त्यांच्यातला वाद गावोगाव सापडेल.

मुलगा म्हणतो, "घरात माझा हिस्सा काढून द्या." वडील म्हणतात, "मी मेहनतीने घेतलंय, विकेन नाहीतर धाकटीला देईन."

हिंदू कायद्यात दीड एकराचं उत्तर वेगळं आणि घराचं वेगळं. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच हक्क मिळतो, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीलाही तसाच. ती वाटणी वडील हयात असतानाही मागता येते. स्वकष्टार्जित घरात मात्र वडील जिवंत असेपर्यंत मुलाचाही हिस्सा नाही, मुलीचाही नाही. ते विकावं, बक्षीसपत्राने द्यावं की मृत्युपत्रात परक्याच्या नावे लिहावं, हा त्यांचा अधिकार. मुलगा तिथे वीस वर्षं राहत असला, तरी त्या राहण्याने तो मालक होत नाही.

म्हणूनच कोर्टात भांडण बहुतेक एकाच प्रश्नावर येतं: घराचे पैसे कुठून आले?

मुलगा म्हणणार, शेतीच्या पैशातून. पण कुटुंब एकत्र होतं, एवढ्यावरून घर एकत्र कुटुंबाचं ठरत नाही. श्रीनिवास कांगो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली हे स्पष्ट केलं. एकत्र मिळकतीतून हे घर घेण्याइतकं उत्पन्न निघत होतं, हे आधी मुलाने दाखवायचं. ते दाखवलं, की मग स्वतंत्र कमाई सिद्ध करण्याचं ओझं वडिलांवर येतं. दीड एकर कोरडवाहूत ज्वारी निघाली, तर ती घरच्या खाण्यालाच जाते; त्यावर घर उभं राहिलं, हे पटवणं अवघड. उलट वडिलांकडे पगाराच्या पावत्या, पतसंस्थेच्या कर्जाचा उतारा आणि हप्ते कापल्याच्या नोंदी आहेत. तेवढ्याने मुलाचा दावा डळमळतो.

आता गोष्ट थोडी बदलू. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा मार्चमध्ये विकला, पैसे वडिलांच्या खात्यात आले, आणि मे महिन्यात त्याच खात्यातून घराची रक्कम गेली. खरेदीखतावर नाव एकट्या वडिलांचं, पण पैसा सगळ्यांचा. इथे मुलगा आणि मुली, तिघांचाही दावा खरा ठरू शकतो. खरेदीखत एकट्याच्या नावावर आहे म्हणून निर्धास्त राहणारे नेमके इथे फसतात. फेरफार दाखवूनही फारसं काही साधत नाही. महसुली नोंदीने मालकी ठरत नाही.

आणखी एक समज फार पक्का आहे: आजोबांची जमीन म्हणजे नातवाचा जन्महक्क. तो नेहमी खरा नसतो. आजोबांनी जमीन स्वतः विकत घेतली आणि 1956 नंतर मृत्युपत्र न करता ते वारले, तर मुलाला मिळालेला वाटा त्या मुलाचा स्वतःचा असतो. 1986 साली चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच अर्थाचा निर्णय दिला. म्हणजे ती जमीन कधी आणि कशी आली, ते आधी तपासा. जुना फेरफार इथे मालकीसाठी नाही, पण तारखेसाठी उपयोगी पडतो.

आता वडील वारले आणि मृत्युपत्र नाही, असं धरू. त्या घराला पत्नी, मुलगा, दोन मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर तीही, असे पाच वारस. प्रत्येकाला एक पंचमांश. वारसनोंदीच्या वेळी म्हातारीचं नाव हमखास गळतं. मुलींचं लग्न झालंय, याने फरक पडत नाही. आणि स्वकष्टार्जित मिळकतीत मुलीला हा समान वाटा 2005 मध्ये मिळालेला नाही, तो 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. मृत्युपत्र असेल, तर मात्र त्यात लिहिल्याप्रमाणे. दीड एकरातला फक्त स्वतःचा हिस्साच वडील त्यात लिहू शकतात.

गोव्यात हे गणित बदलतं. तिथल्या वारसा कायद्यात मुलं असलेल्या माणसाला स्वतःच्या वाट्याच्या निम्म्याच भागाची मृत्युपत्राने मोकळेपणाने विल्हेवाट लावता येते. बाकीचा निम्मा मुलांसाठी राखीव असतो, मग ती मिळकत त्याने स्वतः कमावलेली का असेना.