"सर, मला शिफारसपत्र हवे आहे"

(नांदेड येथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर एका निवृत्त भूशास्त्र प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आपल्या भागातल्या विद्यार्थ्याची आणि कार्यालयाची ओळख दाखल्यापासून होते. शाळा सोडल्याचा दाखला, बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला, चारित्र्य प्रमाणपत्र. अर्ज द्यायचा, दोन दिवसांनी खिडकीवर जायचे आणि शिक्का मारलेला कागद घेऊन यायचे. दाखल्याचा मजकूर सर्वांसाठी एकच असतो, फक्त नाव बदलते, आणि त्यात गैर काही नाही, कारण दाखल्याचे कामच तेवढे असते. अडचण तेव्हा येते, जेव्हा परदेशातल्या शिष्यवृत्तीसाठी लागणारे शिफारसपत्रही विद्यार्थी याच खिडकीवर मागायला येतो.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला एका विद्यार्थिनीचा ई-मेल आला. तो तीन वाक्यांचा होता: "आदरणीय सर, मला परदेशी शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र हवे आहे. कृपया परवापर्यंत द्यावे, ही विनंती. सोबत गुणपत्रिका आणि बायोडेटा जोडला आहे." भाषा नम्र होती, पण त्या मेलवरून मी काय लिहिले असते, ते सांगतो. "ही विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू आणि सुस्वभावी असून तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा." म्हणजे चारित्र्य प्रमाणपत्रच, फक्त इंग्रजीत. निवड समितीसमोर अशा पत्रांचा ढीग असतो, आणि त्यात कोणता विद्यार्थी कोणता हे ओळखणे शक्य नसते. गुणपत्रिकेचा तर मला काहीच उपयोग नव्हता, कारण ती समितीकडे स्वतंत्रपणे जाणारच होती. गुणपत्रिकेत जे दिसत नाही, ते सांगण्यासाठी शिफारसपत्र असते.

मी तिला विभागात बोलावले आणि विचारले, "बाई, माझ्या पेपरात तू काय काम केलेस, ते मला सांग." ती म्हणाली, "सर, तुम्हीच तर शिकवलंत." तिचे खरे होते, पण वर्गात ३१ जण होते आणि मी दोन सत्रांत तीन पेपर शिकवत होतो. शिक्षकाला चेहरा आठवतो, चांगले काम झाल्याचेही पुसटसे आठवते, पण कोणत्या विहिरीवर कोणी काय मोजले, हे आठवत नाही. ते विद्यार्थ्याला पक्के आठवते, कारण उन्हात तो उभा असतो. म्हणून मी तिला सांगितले की मला तुझी स्तुती लिहून पाठवू नकोस, तुझ्या अभ्यासक्रमाचा अर्ध्या पानाचा सारांश पाठव. दोन दिवसांनी जो मेल आला, तो तिच्या परवानगीने, नावगाव वगळून, वाचून दाखवतो.

"विषय: इरास्मुस मुंडुस शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्राची विनंती, अंतिम मुदत १५ जानेवारी

आदरणीय सर, नमस्कार. मी एम.एस्सी. भूशास्त्राच्या तिसऱ्या सत्रात आहे. युरोपातील भूजल विषयाच्या संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी अर्ज करीत असून त्याला दोन शिफारसपत्रे लागतात. दुसऱ्या सत्रातील जलभूविज्ञानाचे माझे क्षेत्रकार्य आपण जवळून पाहिले असल्यामुळे त्यांपैकी एक पत्र आपण द्यावे, अशी विनंती आहे. आपली संमती मिळाल्याशिवाय मी आपला पत्ता संकेतस्थळावर भरणार नाही. वेळेअभावी किंवा अन्य कारणाने शक्य नसल्यास तसे निःसंकोच कळवावे, मी दुसऱ्या शिक्षकांना विचारेन.

अभ्यासक्रमाचा सारांश: जलभूविज्ञान, दुसरे सत्र, ४ क्रेडिट, वर्गात ३१ विद्यार्थी. प्रात्यक्षिकासाठी मी एका पाणलोटातील २४ विहिरींची पाणीपातळी मे महिन्यात मोजली आणि पुढे प्रकल्प म्हणून ऑक्टोबरमध्ये त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. ऑक्टोबरमध्ये ३ विहिरींतील वाढ शेजारच्या विहिरींपेक्षा फारच कमी आली. चौकशी केल्यावर कळले की त्या आठवड्यात शेतीपंपांना रात्रीची वीज होती आणि मी सकाळी मोजण्याआधी तिथे रात्रभर उपसा झाला होता. पुढच्या आठवड्यात दिवसाची वीज असताना मी पहाटे जाऊन त्या ३ विहिरी पुन्हा मोजल्या. प्रत्येकीत पातळी २.४ मीटर वर आढळली आणि सर्व विहिरींची सरासरी वाढ ३.६ वरून ३.९ मीटर झाली. पहिल्या सत्रात संख्याशास्त्राच्या पेपरात मला ५२ गुण आहेत. या प्रकल्पातील सरासरी आणि विचलनाची आकडेमोड मी स्वतः केली आहे, तिची फाइल सोबत जोडली आहे."

हे वाचताच मला तो ऑक्टोबर आठवला. मूळ वही मागवून पाहिली, तर पहिल्या नोंदीवर तिने खाडाखोड न करता बाजूला तारीख घालून नवी नोंद केली होती. आता या सारांशातून पत्र कसे तयार झाले, ते बघा. बेसाल्टातल्या विहिरीला उपशानंतर पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो, त्यामुळे पंप बंद झाल्यावर लगेच घेतलेली पातळी ही भूजलाची पातळी नसून उपशाने पडलेल्या खड्ड्याची पातळी असते. पातळीतील वाढीला खडकाच्या विशिष्ट उत्पादनाने, म्हणजे भिजलेल्या खडकातून निथळून निघणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने, गुणले की पुनर्भरणाचा, म्हणजे जमिनीत मुरलेल्या पाण्याचा, अंदाज मिळतो. तिने ते ०.०२ धरले होते, म्हणून चुकीच्या नोंदींसह उत्तर ७२ मिलिमीटर आले असते आणि दुरुस्तीनंतर ते ७८ मिलिमीटर आले. फरक डोळ्यांत भरावा एवढा मोठा नाही. पण न जुळणारा आकडा सरासरीत बुजवून टाकण्याऐवजी ती पुन्हा तिथवर गेली, आणि असे करणारे विद्यार्थी मला फार भेटलेले नाहीत. हेच मी पत्रात लिहिले: न जुळणाऱ्या ३ नोंदी तिने कोणी न सांगता ओळखल्या, त्यांचे कारण शेतकऱ्यांशी बोलून शोधले आणि मोजमाप पुन्हा केले. "कष्टाळू" हा शब्द मला लिहावाच लागला नाही.

इथे घटना तिने पुरवली आणि निवाडा मी दिला, ही विभागणी लक्षात घ्या. आपल्याकडे सर्रास सांगितले जाते की "तूच लिहून आण, मी सही करतो." मला ही पद्धत मान्य नाही. ती अप्रामाणिक आहेच, शिवाय तिने नुकसान विद्यार्थ्याचेच होते. विद्यार्थी स्वतःबद्दल लिहिताना एक तर संकोचतो, नाही तर विशेषणांचा वर्षाव करतो, आणि दोन्ही शिक्षकांची पत्रे त्यानेच लिहिली की दोन्हींची वाक्यरचना एकसारखी होते. ती शेजारी शेजारी ठेवून वाचणाऱ्याच्या नजरेतून हे सुटत नाही. अनेक ठिकाणी शिक्षकाकडून एक फॉर्मही भरून घेतात. विद्यार्थ्याला किती काळापासून आणि कोणत्या नात्याने ओळखता, बरोबरीच्या विद्यार्थ्यांत तो वरच्या पाच टक्क्यांत येतो की दहा, असे प्रश्न त्यात असतात. सारांशात वर्गातील विद्यार्थ्यांची संख्या आणि सत्र हवे ते यासाठी. ३१ जणांत वरचे दहा टक्के म्हणजे तिघे. मी तिला त्या तिघांत धरू शकलो, वरच्या पाच टक्क्यांत नाही, आणि तसेच मी भरले.

संख्याशास्त्राच्या ५२ गुणांचा उल्लेख करावा का, असे तिने मला आधी विचारले होते. करावा, असे मी सांगितले, पण आजारपणाची किंवा प्रश्नपत्रिकेची सबब जोडू नकोस, असेही बजावले. समितीला ते गुण दिसणारच असतात आणि शिफारसपत्राने त्यांवर मौन पाळले तर ते अधिक ठळक होतात. तिने आकडेमोडीची फाइल जोडली म्हणून मला ती तपासता आली, आणि त्या पेपरातले गुण तिच्या आजच्या तयारीचे माप नाहीत, हे वाक्य मी जबाबदारीने लिहू शकलो. फाइल नसती, तर ते वाक्यही नसते.

मात्र तिने एक चूक केली. दुसरे पत्र सुदूर संवेदन शिकवणाऱ्या मॅडमकडून हवे होते आणि तिने त्यांनाही हाच सारांश पाठवला. मॅडमनी मला फोन करून विचारले, "सर, या विहिरी मी पाहिलेल्याच नाहीत, मी काय लिहू?" मग तिने त्यांच्यासाठी वेगळा सारांश केला. त्यात उपग्रह प्रतिमांवरून पाणलोटातली भूरूपे आणि खडकांतल्या रेषा तिने कशा आखल्या, आणि त्यांपैकी कोणत्या प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळल्या, एवढेच होते. विहिरींचा त्यात एका ओळीत उल्लेख राहिला. सारांश विद्यार्थ्याचा असला, तरी तो त्या त्या शिक्षकाच्या डोळ्यांसमोर घडलेल्या कामाचा असावा लागतो.

राहिला व्यवहाराचा भाग. पत्र बहुधा विद्यार्थ्याच्या हाती द्यायचे नसते. अर्जात शिक्षकाचा पत्ता भरला की संकेतस्थळावरून त्यांना आपोआप एक दुवा जातो आणि पत्र तिथेच चढवायचे असते. काही ठिकाणी संस्थेचाच ई-मेल पत्ता मागतात, आणि आपल्या कित्येक महाविद्यालयांत शिक्षक खासगी जीमेल वापरतात, त्यामुळे कोणता पत्ता द्यायचा हे संमती घेतानाच विचारून घ्यावे. तिच्या बाबतीत मला आठ दिवस दुवा आलाच नाही. तिच्या अर्जाच्या पानावर मात्र विनंती पाठवल्याची नोंद दिसत होती. शेवटी तो मेल माझ्या स्पॅमच्या कप्प्यात सापडला. पानावर पत्र "मिळाले" असे दिसेपर्यंत ते गेले असे धरू नये.

मुदतीचेही तसेच. तिच्या अर्जाची वेळ मध्य युरोपीय वेळेनुसार १५ जानेवारीच्या रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत होती, म्हणजे आपल्याकडे १६ तारखेची पहाट, ४ वाजून २९ मिनिटे. हे साडेचार तास आपल्या पदरात आहेत, असे समजून कोणी थांबू नये. डिसेंबरात विद्यापीठाच्या परीक्षा आणि त्यामागे पेपर तपासणी असते, म्हणून विनंती किमान चार आठवडे आधी जावी. स्मरणपत्र एकच, मुदतीच्या आठ दिवस आधी, दोन ओळींचे, आणि दुवा कोणत्या पत्त्यावरून येतो ते त्यात लिहिलेले असावे, म्हणजे शिक्षकाला तो नेमका शोधता येतो. तिचे स्मरणपत्र ७ जानेवारीला आले. त्याच दुपारी मी स्पॅमचा कप्पा उघडला आणि संध्याकाळी पत्र चढवले.